छोट्या वकिली कार्यालयाचे परिचयपृष्ठ आणि वकिलांचा व्यक्तिपरिचय : विश्वासनिर्मितीचा एक विचार (विशेष संदर्भ : पेण–रोहा परिसर)

गोषवारा

तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या छोट्या वकिली कार्यालयाला संकेतस्थळावर आपला परिचय द्यावयाचा असेल, तर त्याला दोन बाजूंचा विचार करावा लागतो. परिचय वाचून अनोळखी पक्षकाराच्या मनात विश्वास निर्माण व्हावा, ही एक बाजू होय. वकिलाने स्वतःची जाहिरात करू नये, हा व्यवसायाचा नियम ही दुसरी. या दोन अपेक्षा परस्परविरोधी नसून, ज्याची पडताळणी वाचकाला स्वतः करता येते असाच मजकूर दोन्ही कसोट्यांवर उतरतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी पेण येथील एका कल्पित कार्यालयाच्या परिचयाचा मसुदा तपासून तो पुन्हा लिहून दाखविला आहे.

प्रस्तावना

पेण आणि रोहा या रायगड जिल्ह्यातील तालुक्यांमध्ये वकिलाची निवड आजवर प्रामुख्याने ओळखीतून होत आली आहे. गावातील जाणता माणूस, नात्यातील कोणी, पूर्वी कोर्टकचेरी केलेला शेजारी यांच्या सांगण्यावरून पक्षकार वकिलाच्या पायरीशी येतो. ही पद्धत अद्याप टिकून आहे. तथापि तिच्या बाहेरचा पक्षकारही आता वाढला आहे. नोकरीनिमित्त मुंबई, ठाणे वा पुणे येथे स्थायिक झालेल्या कुटुंबाची वडिलोपार्जित जमीन पेण तालुक्यात असते, सातबाऱ्यावरील नावांचा वाद उद्भवतो आणि गावात विचारावे असे कोणी उरलेले नसते. असा मनुष्य प्रथम वाचतो आणि मग दूरध्वनी करतो. त्याच्यासाठी परिचयाचा मजकूर हीच पहिली भेट असते.

या परिसरात विश्वासाच्या शब्दांना एक विशेष पार्श्वभूमीही आहे. २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन सहकारी बँकेच्या व्यवहारांवर निर्बंध आणले. ठेवीदारांचे पैसे अडकले आणि त्यांना दीर्घकाळ लढा द्यावा लागला. ज्या गावाने हा अनुभव घेतला आहे, तेथे ‘विश्वासार्ह’, ‘नामवंत’, ‘आपल्या हक्काचे’ ही विशेषणे वाचकाला आश्वस्त करतीलच असे नाही. उलट, विशेषणाच्या मागे तपासता येण्याजोगे काय आहे, असाच प्रश्न तो विचारील.

नियमाची चौकट

परिचयलेखनासंबंधी सहज उपलब्ध होणारे बरेचसे मार्गदर्शन अमेरिकेतील पद्धतीवर आधारलेले असते. तेथे १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘बेट्स विरुद्ध स्टेट बार ऑफ ॲरिझोना’ या खटल्यात वकिलांच्या जाहिरातीवरील सरसकट बंदी अमान्य केली. त्यामुळे पक्षकारांचे अभिप्राय, जिंकलेल्या खटल्यांच्या कथा, विनामूल्य पहिला सल्ला हे घटक तेथील परिचयात सर्रास आढळतात. भारतातील वकिलाने हा नमुना उचलणे म्हणजे शिस्तभंगाला निमंत्रण देणे होय.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांपैकी नियम ३६ अन्वये वकिलाने प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष रीतीने काम मागणे आणि जाहिरात करणे निषिद्ध आहे. याच नियमात नामफलकासंबंधी सविस्तर तरतूद आहे. फलक वाजवी आकाराचा असावा. आपण वकील संघटनेचे वा बार कौन्सिलचे अध्यक्ष किंवा सदस्य आहोत अथवा होतो, अमुक व्यक्तीशी, संस्थेशी वा प्रकरणाशी आपला संबंध आहे, अमुक प्रकारच्या कामात आपण विशेषज्ञ आहोत, किंवा आपण पूर्वी न्यायाधीश होतो, असे त्यावर सूचित करता येत नाही. लेखनसाहित्यालाही हेच बंधन लागू आहे.

संकेतस्थळांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात २००० साली दाखल झालेल्या एका याचिकेच्या निमित्ताने पुढे आला आणि २००८ मध्ये नियम ३६ ला परंतुक जोडण्यात आले. त्यानुसार वकिलाला परिशिष्टात नमूद केलेली माहिती, बार कौन्सिल ऑफ इंडियाला कळवून व तिच्या मान्यतेने, संकेतस्थळावर देता येते. ही माहिती अशी : नाव, पत्ता, दूरध्वनी व ई-मेल, नोंदणी क्रमांक व नोंदणीचा दिनांक, मूळ नोंदणी ज्या राज्याच्या बार कौन्सिलकडे झाली आणि सध्या ज्या कौन्सिलच्या पटावर नाव आहे तिचे नाव, ज्या वकील संघटनेचे सदस्यत्व आहे तिचे नाव, व्यावसायिक व शैक्षणिक अर्हता, आणि कामाची क्षेत्रे. दिलेली माहिती खरी असल्याचे घोषणापत्रही जोडावे लागते. मान्य माहितीखेरीज अन्य काही घातल्यास तो नियमभंग समजला जाऊन अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खाली कारवाई होऊ शकते. ही कारवाई ताकीद, ठरावीक काळासाठी सनद निलंबित करणे किंवा पटावरून नाव काढून टाकणे, येथपर्यंत जाऊ शकते.

हा नियम केवळ कागदावर राहिलेला नाही. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ऑनलाइन मंचांद्वारे काम मिळविणाऱ्या वकिलांविरुद्ध कारवाईच्या दृष्टीने बार कौन्सिल ऑफ इंडियाला निर्देश दिले, आणि मार्च २०२५ मध्ये कौन्सिलने समाजमाध्यमांवरील वकिलांच्या आत्मप्रसिद्धीविरुद्ध पुन्हा इशारा दिला. ‘हा मजकूर जाहिरात नाही’ अशी सूचना अनेक संकेतस्थळांच्या प्रवेशद्वाराशी दिसते. परंतु आतील मजकूर जर जाहिरात असेल, तर या सूचनेने त्याचे स्वरूप पालटत नाही.

पडताळणीची कसोटी

परिशिष्टातील बाबी प्रथमदर्शनी रुक्ष वाटतात. मात्र त्यांच्याकडे वाचकाच्या बाजूने पाहिल्यास एक समान धर्म लक्षात येतो : यांतील बहुतेक प्रत्येक बाब वकिलाखेरीज अन्य कोणाकडे तरी तपासता येते. नोंदणी क्रमांक व दिनांक महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे, सदस्यत्व स्थानिक वकील संघटनेकडे, तर पदवी विद्यापीठाकडे. शिवाय ‘ई-कोर्ट्स’ सेवेवर वकिलाच्या नावाने वा नोंदणी क्रमांकाने प्रकरणांचा शोध घेता येतो. अमुक वकील पेण वा रोहा येथील न्यायालयात प्रत्यक्ष काम चालवितो किंवा नाही, याचा अंदाज ठाण्यात बसलेल्या पक्षकारालाही घेता येतो.

म्हणून परिचयातील प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारावा : हे विधान कोण आणि कोठे तपासू शकेल? उत्तर मिळत नसेल, तर ते वाक्य वाचकाच्या उपयोगाचे नाही आणि बहुधा नियमातही बसणारे नाही. भाषेच्या अध्यापनात परिचयलेखन शिकविताना गौरवपर विशेषणांना जे स्थान दिले जाते, ते येथे पूर्णतः सोडून द्यावे लागते.

या कसोटीला मर्यादाही आहेत. नावाच्या लेखनातील फरकामुळे शोधात सर्व प्रकरणे सापडत नाहीत. आणि प्रकरणांची संख्या म्हणजे कामाचा दर्जा नव्हे. वकील आहे, नियमित काम करतो आणि येथे करतो, एवढेच त्यावरून कळते. अनोळखी माणसाच्या पहिल्या पावलासाठी मात्र एवढेही पुष्कळ असते.

एका मसुद्याचे परीक्षण

पेण येथील एका कल्पित कार्यालयाचे उदाहरण घेऊ. एका खोलीत तीन वकील बसतात. पहिले १९९४ पासून काम करणारे. दुसऱ्या एक महिला वकील, ज्यांची नोंदणी २००८ ची आहे. तिसरे २०१९ मध्ये नोंदणी झालेले तरुण वकील. यांशिवाय एक जुने कारकून आणि कायद्याचे शिक्षण घेणारा एक विद्यार्थी आहे. परिचयाचा पहिला मसुदा असा तयार झाला :

‘रायगड जिल्ह्यातील अग्रगण्य विधी कार्यालय. आमचे ज्येष्ठ विधिज्ञ तीस वर्षांच्या प्रदीर्घ अनुभवाने समृद्ध असून जमीनविषयक खटल्यांचे तज्ज्ञ व वकील संघटनेचे माजी अध्यक्ष आहेत. शेकडो शेतकऱ्यांना त्यांनी न्याय मिळवून दिला आहे. पाच जणांची आमची अनुभवी टीम आपल्या सेवेत सदैव तत्पर आहे.’

हा मजकूर ओळखीचा वाटतो. कारण असा मजकूर सर्वत्र लिहिला जातो. त्यातील दोष क्रमाने पाहू.

‘अग्रगण्य’ हे तुलनात्मक विधान आहे आणि ते कोणालाही तपासता येत नाही. ‘ज्येष्ठ विधिज्ञ’ हा शब्द अधिक नाजूक आहे. बोलीत तो केवळ वयाचा व अनुभवाचा आदर दर्शवितो. परंतु अधिवक्ता अधिनियमाच्या कलम १६ मध्ये ‘वरिष्ठ अधिवक्ता’ हा स्वतंत्र वर्ग असून तो दर्जा सर्वोच्च वा उच्च न्यायालयच देऊ शकते. मराठी वाचकाला या दोन शब्दांतील भेद उमगेलच असे नाही. म्हणून तो दर्जा नसलेल्या वकिलाच्या परिचयातून ‘ज्येष्ठ’ हा शब्द वगळणेच श्रेयस्कर.

‘तीस वर्षांचा अनुभव’ या विधानापेक्षा नोंदणीचा दिनांक अधिक बोलका असतो. वर्षांची गणना वाचक स्वतः करतो, मजकूर जुना होत नाही, आणि मधल्या काळात नोकरीमुळे सनद स्थगित असेल तर खोटे विधान करण्याचा प्रसंगही येत नाही. ‘तज्ज्ञ’ हा शब्द नामफलकावर स्पष्टपणे निषिद्ध आहे. परिशिष्टात परवानगी आहे ती ‘कामाची क्षेत्रे’ सांगण्याची. क्षेत्र सांगणे म्हणजे आपण काय करतो हे सांगणे; तज्ज्ञ म्हणणे म्हणजे ते आपण इतरांहून चांगले करतो असे सुचविणे. ‘माजी अध्यक्ष’ या पदाचेही तसेच. संघटनेचे सदस्यत्व देता येते, पद नाही.

‘शेकडो शेतकऱ्यांना न्याय’ या वाक्यात नियमभंगाहून गंभीर असा एक धोका दडलेला आहे. असे वाक्य लिहिले की पुढे उदाहरणे देण्याचा मोह होतो. पक्षकाराने वकिलाला विश्वासाने सांगितलेली माहिती उघड न करण्याचे बंधन पूर्वी भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम १२६ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ मध्ये आहे. मोठ्या शहरात नाव गाळले की ओळख पुसली जाते. पेणसारख्या गावात तसे होत नाही. ‘खाडीलगतच्या गावातील तीन भावांचा वाद’ एवढे लिहिले, तरी वाचणाऱ्याला घर ओळखता येते. एका पक्षकाराची यशोगाथा वाचून दुसऱ्या पक्षकाराच्या मनात येणारा पहिला विचार ‘उद्या माझेही असेच लिहिले जाईल’ हा असू शकतो.

‘आमची टीम’ या शब्दांचा प्रश्न

मसुद्यातील शेवटचे वाक्य निरुपद्रवी भासते. पण छोट्या कार्यालयाच्या दृष्टीने सर्वाधिक घोटाळा तेथेच आहे. मराठीत ‘आम्ही’ हे एका व्यक्तीलाही चालते आणि समूहालाही. त्यामुळे ‘आमचे कार्यालय’ या शब्दांमागे एक वकील आहे, तीन भागीदार आहेत, की एका खोलीचे भाडे वाटून घेणारे तीन स्वतंत्र व्यावसायिक आहेत, हे वाचकाला कळत नाही.

हा केवळ शब्दांचा प्रश्न नव्हे. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम २८ नुसार, जी व्यक्ती स्वतःला भागीदार म्हणून भासविते किंवा जाणूनबुजून तसे भासवू देते, ती त्या भरवशावर पेढीला पत देणाऱ्यास भागीदाराप्रमाणे जबाबदार ठरू शकते. आपले छायाचित्र व नाव ‘टीम’ या शीर्षकाखाली छापू देणाऱ्या तरुण वकिलाने याचा विचार क्वचितच केलेला असतो. पक्षकाराच्या बाजूनेही प्रश्न उरतोच : पहिल्या वकिलांकडे दिलेले काम तारखेच्या दिवशी तिसऱ्यांनी चालविले, तर उत्तरदायी कोण? वकीलपत्रावर ज्याचे नाव आहे तोच. परिचयाने हे धूसर करू नये.

‘पाच जण’ ही संख्याही तपासावयास हवी. अधिवक्ता अधिनियमाच्या कलम २९ प्रमाणे वकिली करण्याचा अधिकार केवळ नोंदणीकृत अधिवक्त्यांना आहे, आणि कलम ४५ अन्वये अनधिकृत वकिलीला सहा महिन्यांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. कारकून कितीही अनुभवी असले आणि गावाला वकिलांपेक्षा तेच अधिक परिचित असले, तरी वकिलांच्या रांगेत त्यांचा परिचय देता येणार नाही. विद्यार्थ्याच्या नावामागे ‘ॲड.’ लावणे तर सर्वथा अनुचित. परिचयात पाच नव्हे, तीनच नावे येतील.

नाव, क्षेत्र आणि न्यायालय

दुसऱ्या वकिलांच्या परिचयात एक व्यावहारिक अडचण संभवते. विवाहानंतर नाव बदलले असेल, तर सनदेवर एक नाव, नामफलकावर दुसरे आणि न्यायालयाच्या नोंदीत कधी हे कधी ते, अशी स्थिती होते. ज्या वाचकाला पडताळणी करावयाची आहे तो येथे अडखळतो आणि शंका घेतो. परिचयात सनदेवरील नावच प्रथम द्यावे, आणि नोंदणी क्रमांक त्याच ओळीत असावा. बार कौन्सिलकडे नावातील बदलाची नोंद करून घेतली असल्यास हा प्रश्न मुळातच मिटतो.

तिसऱ्या वकिलांचा परिचय सर्वांत लहान होईल, आणि तो तसाच राहू द्यावा. पदवी, विद्यापीठ, नोंदणीचा दिनांक आणि अखिल भारतीय बार परीक्षेनंतर मिळालेले व्यवसाय प्रमाणपत्र एवढ्या बाबी पुरेशा आहेत. महाविद्यालयीन वादविवाद स्पर्धांतील पारितोषिकांनी तो भरून काढण्याची गरज नाही. लहान परंतु नेमका परिचय अप्रामाणिक वाटत नाही; फुगविलेला वाटतो.

खरे लेखनकौशल्य लागते ते ‘कामाची क्षेत्रे’ या एका बाबीत. ‘दिवाणी, फौजदारी, महसूल’ असे लिहिणे नियमाला पुरते. पण पक्षकाराला आपले काम त्यांपैकी कशात मोडते हे ठाऊक नसते. शेतजमिनीचेच उदाहरण पाहू. वाटणीचा दावा दिवाणी न्यायालयात चालतो. परंतु हिस्से ठरल्यावर सारा आकारलेल्या जमिनीची प्रत्यक्ष वाटणी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ नुसार जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. त्याच जमिनीवर कोणी कूळ असल्याचे म्हणत असेल, तर तो प्रश्न दिवाणी न्यायालय ठरवू शकत नाही. कूळकायद्याच्या कलम ८५-अ प्रमाणे तो मामलेदारांकडे, म्हणजे तहसीलदारांकडे, निर्णयासाठी पाठवावा लागतो. एकाच कुटुंबाचा एकच वाद अशा रीतीने दोन-तीन कचेऱ्यांत फिरतो. ‘दिवाणी’ या एका शब्दाने हे काहीच कळत नाही. ‘शेतजमिनीची वाटणी, कूळ व फेरफार यांसंबंधी दिवाणी न्यायालय, तहसीलदार व प्रांताधिकारी यांच्यासमोरील कामे’ असे लिहिले, तर त्यात आत्मस्तुती नाही. मात्र वाचकाला आपले काम ओळखता येते. जे काम केले जात नाही ते क्षेत्रांच्या यादीत न घालणे, हाही याच नेमकेपणाचा भाग होय. सर्व क्षेत्रे लिहिणारा वकील एकाही क्षेत्राची माहिती देत नाही.

सुधारित मसुदा

वरील विचारानुसार परिचय पुढीलप्रमाणे लिहिता येईल :

‘या कार्यालयात तीन वकील काम करतात. ते परस्परांचे भागीदार नाहीत. प्रत्येकाचे वकीलपत्र व जबाबदारी स्वतंत्र आहे.’

त्याखाली प्रत्येकाची नोंद एकाच क्रमाने येईल : सनदेवरील नाव; नोंदणी क्रमांक व दिनांक, महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल; स्थानिक वकील संघटनेचे सदस्यत्व; पदवी व विद्यापीठ; कामाची क्षेत्रे; संपर्क; आणि शेवटी माहिती खरी असल्याची घोषणा. पहिल्या वकिलांपासून तिसऱ्यांपर्यंत क्रम व मांडणी सारखी असल्यामुळे तुलना वाचकालाच करता येते.

सुधारित मजकुरातील आरंभीची तीन वाक्ये परिशिष्टातील बाबींत शब्दशः येत नाहीत. ती काम मागणारी नसून गैरसमज टाळणारी आहेत, असे म्हणता येईल. परंतु हा निर्णय वकिलाने स्वतःच्या मताने करू नये. कौन्सिलला कळवावयाच्या मसुद्यात ती समाविष्ट करावीत आणि मान्यता नसेल तर गाळावीत. तसे झाल्यास ‘टीम’ किंवा ‘आमचे सहकारी’ असे कोणतेही शीर्षक न घालता तीन स्वतंत्र नोंदी देणे, हा सुरक्षित पर्याय उरतो.

जे परिचयात बसत नाही

फी किती, पावती मिळेल का, मूळ कागदपत्रे कोणाच्या ताब्यात राहतील, हे पक्षकाराचे खरे प्रश्न असतात. परिशिष्टात त्यांना जागा नाही. ‘निकाल लागल्यावर फी’ असे आश्वासन तर नियम २० मुळे कोठेच देता येत नाही. या प्रश्नांची जागा पहिल्या भेटीत आहे. स्वीकारलेल्या मूळ कागदांची यादी करून तिची सही केलेली प्रत पक्षकाराला देणे, मिळालेल्या रकमेची पावती देणे, कारकून कागद स्वीकारतात पण सल्ला देत नाहीत हे स्पष्ट सांगणे, या गोष्टी संकेतस्थळावर लिहिता येत नाहीत. परंतु परिचयाने जागविलेला विश्वास त्यांच्यावरच टिकतो. परिचयात दिनांक नेमका आणि प्रत्यक्षात पावती नाही, असे झाल्यास परिचयाचा नेमकेपणा वाया जातो.

निष्कर्ष

छोट्या वकिली कार्यालयाच्या परिचयाला नियमाने घातलेली मर्यादा ही लेखनाची अडचण मानली जाते. प्रस्तुत विवेचनावरून असे दिसते की, विशेषणे, पदे, यशोगाथा व ‘टीम’ हे वगळल्यावर जे उरते, तेच अनोळखी पक्षकाराच्या सर्वाधिक कामाचे असते. एक उणीव मात्र मान्य करावयास हवी. ‘माझ्यासारखे किती खटले आपण चालविले?’ या स्वाभाविक प्रश्नाचे उत्तर या चौकटीत लिहून देता येत नाही. ते समोरासमोर विचारावे लागते. पक्षकाराने ते कोणाला विचारावे, एवढे ठरविण्याइतकी खरी माहिती देणे, हेच परिचयाचे काम होय.